दुसऱ्या ब्राउझरातला पासवर्ड

निकाल उद्या होता. गणितात दोनदा नापास झालेली आमगावची दुर्गेश्वरी विद्यापीठाचं निकालाचं पोर्टल चालतं का, तेवढं पाहत होती. मोबाईलच्या नेहमीच्या ब्राउझरात लॉगिन केलं, की मेलं पान फिरून लॉगिनवरच यायचं. जुन्या कुकीज अडकल्या असणार. पण पुसताना पासवर्डही गेला तर? तिने दुसरा ब्राउझर टाकला. तिथे पासवर्डाची जागा रिकामी. आजवर तो पहिला ब्राउझरच भरायचा, हिला कुठला आठवायला! पहिल्याच्या सेटिंगमध्ये जाऊन, मोबाईलचं लॉक उघडून तिने जतन केलेला पासवर्ड पाहिला.

"काऊन जागून राहिली वं?" आईने विचारलं.

दुर्गेश्वरीने स्क्रीन आईपासून वळवली. पहिल्या वर्षी प्रवेश घेताना तिनेच ठेवलेला पासवर्ड होता, 'कलेक्टर दुर्गेश्वरी'.

तिने तो दुसरीकडे भरला. पोर्टल झटक्यात उघडलं. ब्राउझरने विचारलं, हा पासवर्ड लक्षात ठेवू?

तिने 'कधीच नको' दाबलं.