दीड तासाचा राहुकाळ

चंद्रमौळी सर, तमिळ तोंडी 'सार', पेरुंगुडीच्या मसाला कारखान्यात एकोणीस वर्षं माल रवाना करत आले. एवढ्या वर्षांत एक खोका कमी गेला नाही, याचा त्यांना भारी अभिमान. खोके स्वतः मोजायचे, आणि मग ट्रकच्या मागच्या दाराला हात लावून तिरुवल्लिकेणीच्या देवळातल्या पार्थसारथीचं नाव घ्यायचे.

पण मोठ्या दुकान-साखळीला नुसता मोजून दिलेला माल पुरत नाही. साखळीच्या श्रीपेरुंबुदूरमधल्या गोदामात माल पूर्ण हवा आणि दिलेल्या तासातच फाटकावर हवा. दोन्ही जमलं तर ऑर्डर पास. पूर्ण माल उशिरा गेला तरी नापास, वेळेवर अर्धा गेला तरी नापास. महिन्याचे गुण पंच्याण्णव टक्क्यांखाली घसरले की चुकलेल्या मालाच्या किमतीवर तीन टक्के दंड, बिलातूनच कापून. आणि हा दंड वरून खाली घरंगळत येतो. साखळी कारखान्यावर ढकलते, कारखाना ट्रकवाल्यावर. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्यापुढे ढकलायला कुणी उरत नाही.

त्या सोमवारी स्टिअरिंग वेंकटच्या हातात होतं. त्याचा स्वतःचा नवाकोरा ट्रक, पहिली फेरी. टायरखाली लिंबं, पुढे झेंडूची माळ. सव्वासातला खोके भरून झाले. गोदामाच्या फाटकाची वेळ साडेनऊ ते साडेदहा. वेंकटने चावी फिरवली.

"इरु, इरु!" थांब, थांब म्हणत सार धावत आले. पुढचं सगळं तमिळमध्येच. "आज सोमवार. साडेसात ते नऊ राहुकाळ. नव्या गाडीची पहिली फेरी ह्या वेळेला?"

"सार, आत्ता लगेच निघालो तर राहुकाळ लागायच्या आत कारखान्याच्या फाटकाबाहेर पडतो."

"गाडी रस्त्यावर तर राहुकाळातच असणार ना? तुझ्या लेकरांचं पोट तिच्यावर आहे. नऊ वाजू दे. बायपासला जरा रेटलं की झालं."

"साखळीवाले पंचांग बघत नाहीत सार."

"मी बघतो!"

वेंकटने चावी काढून घेतली. वडीलधाऱ्या माणसाला कोण उलटून बोलणार?

नऊ पाचला ट्रक निघाला. पोरूरला अडकला. अकराला गोदामाच्या फाटकावर पोचला, तर पहारेकऱ्याने हाताने मागे हाकललं. नवी वेळ मिळाली मंगळवारी दुपारची. माल सगळा पोचला, एक खोका कमी नाही. ऑर्डर नापास. महिन्याचे गुण शहाण्णव टक्के होते, ते एक्क्याण्णव झाले.

बुधवारी साखळीच्या पोर्टलवर उशिराचं कारण निवडायचं होतं. पर्याय दोन: कारखान्याकडून, की वाहतुकीकडून. सारांचं बोट क्षणभर थांबलं. मग त्यांनी 'वाहतुकीकडून' दाबलं. खोटं काय त्यात, ट्रकच तर उशिरा पोचला, असं स्वतःला सांगितलं आणि डबा उघडला. दहीभात तसाच परत घरी गेला.

शनिवारी कळलं, दंड वेंकटच्या भाड्यातून जाणार आणि श्रीपेरुंबुदूरची फेरी दुसऱ्या ट्रकवाल्याला. वेंकट फाटकाशी उभा होता. माळेतला झेंडू सुकला होता.

"सार, मी तर आधीच निघालो असतो," तो एवढंच म्हणाला. तक्रारही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सार मालकिणीच्या खोलीत शिरले. शशिकलाबाई पुण्याच्या. सारांच्या घरची जुनी तंजावरी मराठी ऐकली की त्या चिडवायच्या, "तुम्ही बोललात की बखर उघडल्यासारखं वाटतं." त्या दिवशी सार उभ्यानेच बोलले. "बाई, ट्रक मीच अडविला. राहुकाळ म्हणून. वेंकटचं काही चुकलं नाही. पोर्टलवरचं कारण मी खोटं लिहिलं."

बाईंनी चष्मा काढला. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चूक, आणि तीही अशी? मला वाटलं होतं, तुम्ही तरी..."

वाक्य तिथंच राहिलं. ते पूर्ण झालं असतं तर बरं, असं सारांना वाटलं.

"दंड कारखाना भरेल. फेरी वेंकटचीच. पोर्टलवरचं कारण तुम्ही बदला, खाली स्वतःचं नाव घाला. आणि त्याला सांगायला मी जाणार नाही."

सारांनी सांगितलं. वेंकटने मान हलवली. "बुधवारीच का नाही सांगितलंत सार?"

पुढच्या सोमवारी ट्रक भरेपर्यंत साडेसात वाजून गेले. वेंकट केबिनमध्ये बसून, हात मांडीवर. चावी फिरवेना.

"सार, राहुकाळ लागला," तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

चंद्रमौळींनी मागच्या दाराला हात लावला, पार्थसारथीचं नाव घेतलं आणि चालत जाऊन कारखान्याचं फाटक स्वतः उघडलं. ट्रक शेजारून गेला. वेंकटने वळून पाहिलं नाही. सार फाटक धरून तिथंच उभे राहिले, नऊ वाजून वीस मिनिटांनी पोचल्याचा फोन येईस्तोवर. फोन वेंकटचा नव्हता, गोदामाचा होता.