साडेसात लिटर रस

वैशाख पौर्णिमेच्या मिरवणुकीला पाचशे पेले लिंबू सरबत द्यायचे, आणि त्यासाठी लिंबे किती लागतील हे मी सांगायचे, अशी विनंती घेऊन आमच्या शेजारीण बाई घरी आल्या, तेव्हा मला झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता. बाई निवृत्त परिचारिका. परंड्यात त्यांना लहानथोर सगळे ‘सिस्टर’च म्हणतात. बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत सरबताची सेवा त्यांच्या महिला मंडळाकडे पहिल्यांदाच आली होती. आदल्या वर्षी दुसऱ्या मंडळाने दिलेले सरबत इतके पातळ झाले होते की ‘लिंबाची सावली पडलेलं पाणी’ ही त्याची ओळख वर्षभर चौकाचौकांत टिकून राहिली. सिस्टरांना भीती होती ती त्याचीच.

“गुरुजी, तुम्ही संस्कृतातली गणितं शिकवायचात म्हणं. मला औषधाचं माप कळतं, गोणीचं न्हाय,” त्या म्हणाल्या.

मी त्रैराशिकाचा जन्मभराचा भक्त. प्रमाण, फळ आणि इच्छा या तीन राशी हाती असल्या की चौथी आपोआप पुढे येऊन उभी राहते, यात मला लहानपणापासून ईश्वरी कृपेचा भास होत आला आहे. सिस्टरांचे माप पक्के होते: दोनशे मिलिलिटरचा पेला, त्यात पंधरा मिलिलिटर रस, बाकी साखरपाणी. पाचशे पेल्यांना साडेसात लिटर रस. आता एका लिंबातून किती निघतो, एवढेच शोधायचे होते.

मी स्वतः बाजारात गेलो. भाजीवाल्याच्या पाटीपुढे बसून दहा लिंबे घेतली. सिस्टरांच्या स्वयंपाकघरात ती कोमट पाण्यात ठेवली, तळहाताखाली दाबून घोळवली, पिळली. त्यांच्या जुन्या मापपात्रात रस बरोबर पाव लिटरच्या रेघेवर थांबला. म्हणजे एका लिंबाचे पंचवीस मिलिलिटर, आणि साडेसात लिटरला तीनशे लिंबे. सावधपणा म्हणून मी पंचवीस वर धरली. उत्तर सांगताना माझा आवाज किंचित चढला होता, हे नंतर सौभाग्यवतींनी लक्षात आणून दिले.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी सिस्टरांच्या ओसरीवर लिंबांचे पोते रिकामे झाले. चार जणी पिळायला बसल्या. मिरवणूक पाचला चौकात येणार होती. त्यांच्यातल्या वयस्कर आत्या, जन्म रानात गेलेल्या, अर्धे लिंबू दोन बोटांत धरून म्हणाल्या, “लई बारकी हायती ओ गुरुजी. सालच जाड नुसती.”

“बारीक असली तरी संख्या पूर्ण आहे,” मी म्हणालो.

पहिली पन्नास संपली, तेव्हा सिस्टरांनी पातेल्यातला रस मापाने मोजला. माझ्या हिशेबाने तो सव्वा लिटर हवा होता. भरला पाऊण लिटर. त्यांनी पुन्हा मोजला. आकडा बदलला नाही.

“जोर लावा जरा,” एक जण म्हणाली.

“जोर लावला की सालीचा कडूपणा उतरंल,” आत्या म्हणाल्या. “मग सावलीऐवजी काढा पाजवू लोकान्ला.”

कोणी हसले, पण सिस्टर हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या, आणि चाळीस वर्षे रुग्णांना विचारत आल्या तितक्याच शांतपणे त्यांनी विचारले, “गुरुजी, परवाची ती दहा लिंबं तुम्ही कशी घेतलीत?”

“पाटीतून,” मी म्हणालो, आणि सांगू लागलो. उजेडात धरून, पातळ सालीची, टपोरी, डाग नसलेली, देठाशी न सुकलेली... बोलता बोलता मी थांबलो. साठ वर्षे देवासमोर ठेवायचे फळ मी असेच निवडत आलो आहे. हात आपोआप तसा चालतो. पाटीतल्या शंभरांतली उत्तम दहा मी उचलली होती आणि त्यांच्यावरून गोणीचा न्याय केला होता.

“तुम्ही नैवेद्याची लिंबं पिळलीत,” सिस्टर म्हणाल्या. “आणि प्यायला गोणीतली आलीत.”

चूक माझी होती, म्हणून हिशेबही मीच पुन्हा केला. एका लिंबाचे पंधरा धरले तर सव्वातीनशेंचे चार लिटर आठशे पंचाहत्तर. उणे दोन लिटर सहाशे पंचवीस. या प्रतीची आणखी पावणेदोनशे लिंबे हवीत. सिस्टरांनी भाजीवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे वीस-एक सुकी उरली होती. लग्नसराई होती, सगळा माल हॉटेलांनी उचललेला. कुर्डुवाडीहून आणायची तर जाण्यायेण्यात मिरवणूक निघून गेली असती. साडेतीन वाजून गेले होते. सिस्टर मापपात्र धूत राहिल्या, ते स्वच्छ झाले तरी.

त्या क्षणी मला माझ्याच देवघरातला माठ आठवला. येत्या मंगळवारी देवीला लिंबांची माळ वाहण्याचा माझा संकल्प होता. एकशे आठ लिंबे ओल्या फडक्यात गुंडाळून सौभाग्यवतींनी माठात ठेवली होती. ती सगळी मीच निवडलेली, त्याच पाटीवरून, त्याच हाताने. एकशे आठ गुणिले पंचवीस, दोन लिटर सातशे. मी वहाणा न घालताच घराकडे निघालो, आणि वैशाखातला रस्ता तळव्यांना कळला तो परत येताना.

देवघरात क्षणभर उभा राहिलो. संकल्प केला होता, समर्पण व्हायचे होते. फळे अजून माझ्याच स्वाधीन होती. हात जोडून अनुज्ञा मागितली. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या.

“तहानलेल्याला पाजायचंय ना? मग देवी कशाला अडवेल?” त्या म्हणाल्या. “फडकं मात्र परत आणा.”

ओसरीवर लिंबे ओतली तेव्हा आत्यांनी एक उचलून वास घेतला. “ह्याला म्हंत्यात लिंबू. आदी कुठं लपवून ठिवली व्हती?”

मीही पिळायला बसलो. पाचही जणी माझ्या हातांकडे बघून हसत होत्या, पण मला कशाचेच भान नव्हते. गोणीतली संपवून माठातली घेतली, तेव्हा दर दहा लिंबांमागे सिस्टर मापपात्र डोळ्यांसमोर धरीत आणि आकडा मोठ्याने सांगत. दोनशे पन्नास. पुन्हा दोनशे पन्नास. एकदा दोनशे चाळीस. मग दोनशे साठ. शेवटचे लिंबू पिळून झाले, आणि सिस्टरांनी सगळा रस पुन्हा एकदा मोजून पिंपात ओतला. साडेसात लिटर, वर पाऊण वाटीहून थोडा कमी.

“पाच पेले जास्तीचे,” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसातले त्यांचे पहिले हसू दिसले.

पाचला निळे झेंडे किल्ल्याकडच्या रस्त्याने चौकात आले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पेला रिकामा केला, ओठ पुसले आणि दुसरा मागितला. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. जास्तीचे पाच होतेच.

सोमवारी सकाळी सिस्टर पिशवी घेऊन दारात आल्या. मोजून एकशे आठ लिंबे. कुर्डुवाडीहून स्वतः जाऊन आणलेली.

“निवडली न्हाईत बरं का, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटून हाताला आली ती घेतली.”

मी ती ओसरीवर पसरली. काही टपोरी, काही बारकी, एकाच्या गालावर तपकिरी डाग. सवयीने हात त्या डागाळलेल्या लिंबाकडे गेला, बाजूला काढायला. मग सुईत दोरा ओवला आणि माळेची सुरुवात त्याच लिंबाने केली.