नऊ दीड साडेतेरा

ये गं, इकडं जवळ बस. फोनवर कुठं बसता येतं म्हणतेस? मग तसंच समज. आधी दोन शब्द ऐकून घे माझे. काल तू मला ब्लड गॅसच्या, रक्तातल्या वायूंच्या तपासणीच्या, चिठ्ठीचा फोटो पाठवलास, वर पेशंटचं नाव-गाव सगळं दिसतंय, आणि खाली लिहिलंस, ‘मावशी, सीओटू नॉर्मल आलाय, बरंय ना?’ नाव झाकायचं असतं, एवढं तुला कुणी शिकवलं नाय? आणि दुसरं, नॉर्मल हा शब्द एवढ्या घाईनं लिहू नये. मी एकदा त्याच अर्थाचा दुसरा शब्द लिहिला नव्हता, नुसता तोंडानं म्हणले होते. तेवढ्याचंच अजून लागतंय.

तुला माहिताय, माझं शिक्षण एएनएमचं, गावातल्या दवाखान्यापुरतं. आयसीयूत मला टाकलं ते माणसं कमी होती म्हणून. तिथली मशीन चिठ्ठी काढायची, डॉक्टर बघायचे आणि टोपलीत टाकायचे. मी त्या चिठ्ठ्या उचलून ॲप्रनच्या खिशात घालून घरी आणायची. स्वयंपाक झाला की ओट्यावर मांडून बसायची. एका रेसिडेंटनं, शिकाऊ डॉक्टरनं, जुनं पुस्तक दिलं, त्यातलं निम्मं कळायचं नाय. पण एक वाक्य सापडलं आणि मी हसलेच. बायकार्बची दीडपट, अधिक आठ. अगं, दीडकी! आमच्या दादांनी, तुझ्या आजोबांनी, मारून मुटकून पाठ करून घेतलेली. एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार. आयुष्यात कधी कामी येईल असं वाटलं नव्हतं.

मग डॉक्टर लोक मोबाइलवर आकडे टाकेपर्यंत माझं तोंडी उत्तर तयार असायचं. एक रेसिडेंट बाई होती, हुशार, चिडवायची लई. “सिस्टर, तुमच्या दीडकीला चार्जिंग लागत नाय ना?” मी म्हणायची, “नाय, पण तुमच्यासारखी पोरगी भेटली की बॅटरी उतरती.”

तर जिच्यावरून हे लागतंय ती मुलगी. चोवीस-पंचवीसची, शेंद्र्याला कंपनीत पॅकिंगला. लहानपणापासून साखर, रोज इन्सुलिन. मोठ्या भावानं आणली दुपारी, चार दिवसांच्या उलट्या, जीभ कोरडी ठक्क, आणि श्वास असा खोल, असा भरभर, जणू कुणी मागं लागलंय. तोंडाला पिकल्या फळासारखा वास. मनगटाच्या धमनीत सुई घातली तरी तिनं हात हलवला नाय. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढला आणि मशीनला लावलं.

आता ती चिठ्ठी मी वाचते, तू माझ्यामागून बोट फिरव.

पहिला पीएच. ७.३५ ते ७.४५ पाहिजे, हिचा ७.१४. म्हणजे रक्त आंबट झालंय. मग विचारायचं, आंबट कुणी केलं? फुफ्फुसानं की बाकी शरीरानं? सीओटू आंबट बाजूचा, तो फुफ्फुसाच्या ताब्यात, ३५ ते ४५. बायकार्ब म्हणजे घरातला सोडा समज, तो मूत्रपिंडाच्या ताब्यात, २२ ते २६. हिचा सीओटू १८. फुफ्फुसानं आंबट केलं असतं तर तो चढला असता. हा तर उतरलाय. म्हणजे चोर तिकडं नाय. बायकार्ब ६. सापडला. सोडा संपलाय, रोग बाकी शरीरात.

मग गॅप. सोडियम १३६, त्यातून क्लोराइड ९८ आणि बायकार्ब ६ काढ. बत्तीस उरले. बाराच्या आसपास पाहिजेत. म्हणजे रक्तात कुठलंतरी आगंतुक आम्ल शिरलंय. साखरेच्या पेशंटला इन्सुलिन बंद झालं की होतं तेच, कीटोन.

आणि शेवटी तो प्रश्न, जो सगळे विसरतात. फुफ्फुस सांभाळून घेतंय का? पुस्तकात त्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात, मी सांभाळून घेणं म्हणते. रक्त आंबट झालं की श्वास जोरात चालतो, सीओटू बाहेर टाकतो. फुफ्फुस हे काम लगेच करतं, मूत्रपिंडाला मात्र दिवस लागतात. मागं जिची चिठ्ठी तुला वाचून दाखवली होती, ती चुलीच्या धुरानं दमेकरी झालेली आजी आठवते? तिचा सीओटू ६०, आणि बायकार्ब वर्षानुवर्षं साठवून ३२ केलेलं, म्हणून पीएच ७.३५ वर टिकलेला. ते मूत्रपिंडाचं सांभाळणं. हिचं फुफ्फुसाचं. किती सांभाळायला पाहिजे? बायकार्बची दीडपट अधिक आठ, तेवढ्यावर सीओटू यायला पाहिजे. सहा दीड नऊ, आणि आठ, सतरा. दोन इकडं-तिकडं चालतात. आहे अठरा. बरोबर. पोरगी जीव तोडून श्वास घेत होती, पण पुरेसा घेत होती.

इन्सुलिन चालू झालं, सलाइन चालू झालं. पोटॅशियम ३.६, समोर बाण नव्हता. आपल्या मशीनला माहिताय ना, आकडा हद्दीबाहेर गेला की वर किंवा खाली बाण येतो. बाण नाय म्हणजे ठीक, असं डोळ्यांना वळण पडतं. इन्सुलिननं पोटॅशियम पेशीत ओढलं जातं हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून सलाइनमध्ये टाकलंही होतं.

बाहेर भाऊ. मी विचारलं, “इन्सुलिन कसं काय बंद झालं?”

तो खाली बघत म्हणला, “पाहुणे येणार होते बघायला. मीच म्हणलो, औषध शेजारच्यांच्या फ्रिजमधी ठिव, आपल्या घरात दिसायला नको. शेजारी पिशोरला गेले कुलूप लावून. ती म्हणली, चार दिवसांनी काय व्हतं.”

“दुकानातून आणायचं नाय का?”

“मला सांगितलंच नाय तिनं, सिस्टर.”

तीन तासांनी मी पलंगाजवळ गेले. श्वास शांत झालेला. ती धापही नाय, ते खोल ओढणंही नाय. डोळे मिटलेले. साखर पाचशेच्या वरून तीनशेच्या खाली आली होती. मला इतकं बरं वाटलं. भेटायची वेळ होती, भाऊ दारात उभा. मी त्याला म्हणले, “झोपलीय. दमली होती बिचारी. झोपू द्या.” आणि मी चहाला गेले.

चहाला गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाय.

वीस मिनिटांनी परत आले तर रेसिडेंट बाई दुसरी चिठ्ठी हातात धरून उभी. “सिस्टर, हे बघा. बायकार्ब सहाचा नऊ झालाय. सीओटू छत्तीस, नॉर्मल. साखर उतरलीय. मग पीएच ७.०२ का? सॅम्पल शिरेचं आलं का?”

मी ऑक्सिजन बघितला. एकशे बारा. शिरेच्या रक्तात एवढा नसतो, म्हणजे धमनीचंच होतं. मग सीओटूकडं बघितलं. छत्तीस. समोर बाण नाय. सगळ्या चिठ्ठीत तेवढाच एक आकडा साळसूद बसलेला. आणि माझ्या तोंडात दादांचा आवाज आला. नऊ दीड साडेतेरा. साडेतेरा आणि आठ साडेएकवीस.

“मॅडम,” मी म्हणले, “पाहिजे साडेएकवीस. आहे छत्तीस. हा नॉर्मल नाय. हिला श्वास घेणं झेपेना झालंय.”

तिचा चेहरा उतरला. खालची ओळ बघितली, पोटॅशियम २.४. आम्ही देत होतो ते पुरलं नव्हतं, आणि पोटॅशियम गेलं की स्नायूतला दम जातो, श्वासाच्या स्नायूतलासुद्धा. ती झोपलेली नव्हती. ती हरत होती.

“बायकार्ब देऊ का?” तिनं विचारलं, आणि स्वतःच म्हणली, “नको. त्याचाही सीओटूच होणार, आणि तो बाहेर टाकायला हिच्यात ताकद कुठंय.” इन्सुलिन थांबवलं, पोटॅशियम वाढवलं, श्वासाची नळी घालायची तयारी. वरिष्ठांना फोन लावला. दार उघडंच होतं. ती बोलली ते भावानं ऐकलं, “सर, कॉम्पेन्सेशन गेलं.”

तो आत धावत आला, माझा दंड धरला. “सिस्टर, कॉम्पेन्सेशन कशाचं? कंपनीचं? माणूस गेल्यावर देतात ते? ती हाय ना अजून?”

शेंद्र्याकडच्या माणसाला हा शब्द दोनच ठिकाणी ठाऊक, गं. जमीन गेल्यावर आणि कंपनीत कुणी मेल्यावर. मी त्याला भिंतीशी बसवलं. “आहे. ते पैशाचं नाय. बघ, घरात एक जण आजारी पडला की दुसरा त्याच्या वाटचं काम करतो ना? तिचं रक्त बिघडलं, तर श्वास त्याच्या वाटचं ओढत होता. आता तो पण दमलाय. म्हणून मशीन लावतोय.”

त्यानं पलंगाकडं मान वळवली. “म्हणजे मघाशी ती झोपली नव्हती?”

मी उठले. पडदा ओढला.

नळी घालताना हृदय थांबलं. पाच-सहा मिनिटं. मी छाती दाबत होते आणि डोक्यात नुसती दीडकी चालली होती, थांबवता येईना. हृदय परत चालू झालं. मशीनचा श्वास मुद्दाम भरभर ठेवला, ती स्वतः घेत होती तसा, म्हणजे सीओटू खाली राहील. तिसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत एकही बाण नव्हता. पीएच ७.३८, सीओटू ३८, बायकार्ब २२. इतकी सुंदर चिठ्ठी. पण पोरगी डोळे उघडेना. पाचव्या दिवशी गेली.

रेसिडेंट बाई जिन्यात बसून रडली. मला म्हणली, “वीस मिनिटं आधी सॅम्पल काढलं असतं तर?” मी म्हणले, “कुणाला माहीत.” आणि खरंच माहीत नाय. पण सॅम्पल काढायचं पहिलं कारण डोळ्यांना दिसलं होतं ते मला, तिला नाय. चिठ्ठीच्याही आधी माणूस बघायचा, हे मीच सगळ्यांना सांगायची.

सामान न्यायला भाऊ आला. डबा, चप्पल, ओढणी. जाताना माझ्यासमोर थांबला, हात जोडले. म्हणला, “तुम्ही म्हणलात ना सिस्टर, झोपलीय म्हणून. तेवढी एक झोप तरी सुखाची लागली तिला. घरी आईला मी तेच सांगितलं.”

व्हय म्हणले मी. त्याच्या आईकडं तेवढंच होतं, ते कसं काढून घेऊ. त्याला फ्रिजचं ओझं, मला चहाचं. दोघांनी एकमेकाला दाखवलं नाय.

तर तुझ्या चिठ्ठीचं. बायकार्ब बारा दिसतंय. बारा दीड अठरा, आणि आठ सव्वीस. तुझा ‘नॉर्मल’ सीओटू एकोणचाळीस. मी लगेच फोन केला होता, आठवतंय? तू म्हणलीस, सरांनी आधीच ओळखलंय, श्वासाला बायपॅपचं मशीन लावलंय, पेशंट आता शुद्धीवर आहे, पाणी मागतोय. ते ऐकून मी ओट्याशी खाली बसले.

आणि मला तू रोज विचारतेस, मावशी कशीय, मी म्हणते बरीय. त्या ‘बरीय’समोर बाण येत नाय, पोरी. चिठ्ठ्यांची जुनी पिशवी काढून ठेवलीय, नावं फाडून टाकलेली. वरच्या शेल्फवरून उतरवताना मधेच दम घ्यावा लागला. पुढच्या सुट्टीला ये. दोन-चार दिवस राहा, दीडकी घोकून घेते तुझ्याकडून. लवकर ये.