गुरुजींच्या वहीतले दोन दांडे

कागदांनी मशीनशी जुळवून घ्यायची ती वर्षं होती. आमच्या बुधवाऱ्यातल्या शाळेची जुनी दाखल-खारिजची, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची, नऊ रजिस्टरं एका साली पानापानाने फोटो काढून कुठल्याशा सॉफ्टवेअरला वाचायला दिली होती. मे महिन्यात त्याची यादी आली. नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, ओळीमागून ओळ, काही हजार. सुट्टीनंतर जन्मतारखेचे दाखले याच यादीवरून द्यायचे होते, म्हणून त्याआधी ती कितपत खरी आहे हे कोणीतरी बघायला हवं होतं. गणित शिकवते म्हणून ते माझ्या गळ्यात आलं.

शाळेच्या मावशींना मात्र ती यादी आधीच आवडली होती. पाणी भरणं, वर्ग झाडणं, घंटा देणं ही सगळी कामं त्यांची. नोकरीची त्यांची फाईल वाळवीने कधीच खाल्ली होती, पण त्या लहानपणी याच शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांचं वय ठरवायला तेवढाच पुरावा. बडे सरांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, यादीत नाव शोधून सांगितलं, अकरा नोव्हेंबर. म्हणजे निवृत्तीची साठी नोव्हेंबरात, आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत शाळा त्यांची. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना न मागता दुसरा चहा दिला. तापीपलीकडे जैनाबादच्या घरी दिवसभर भिंतींशी काय बोलायचं, हा त्यांचा घोर होता आणि तो दिवाळीपलीकडे गेला होता.

बडे सरांचं म्हणणं, पहिली वीस नावं बघा आणि सही करा. मी बघितली, वीसच्या वीस बरोबर. पण पहिल्या रजिस्टरचं अक्षर मोत्यासारखं होतं, ते कोणालाही वाचता आलं असतं. मी हट्टी आहे, आणि उन्हाळ्यात जरा जास्तच. केळीचा व्यापारी ट्रकमधला वरचा घड बघून भाव करतो का, असं मी सरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, करा तुमच्या मनासारखं. रजिस्टरं साधारण सारख्याच जाडीची होती. प्रत्येकातल्या ओळींच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून मी डोळे मिटून दहा-दहा उचलल्या. नव्वद ओळी निघाल्या.

एकटीने ताडून बघितलं की डोळा फसतो, जे हवं तेच वाचतो. म्हणून मावशींना शेजारी बसवलं. स्क्रीनवर पानाचा फोटो त्यांच्यासमोर, छापलेली यादी माझ्या हातात. मी एकेक रकाना वाचायचा, त्यांनी फोटोत बघून बरोबर असेल तर "सही" म्हणायचं. रिकाम्या शाळेत पंखा फिरत होता आणि गल्लीपलीकडच्या कापडाच्या लूमचा आवाज इतका एकसारखा येत होता की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा झाला. मावशी नावापाशी थांबायच्या. ही विहिरीजवळ राहायची, हा पोहत तापी पार करायचा, ही लग्नानंतर कधी दिसलीच नाही. ओळ तपासायला दोन मिनिटं पुरायची, पण तिच्यातून बाहेर यायला दहा लागायची. मलाही घाई नव्हती. त्या दुपारी आठवल्या की त्या मी जागेपणी जगले की नाही, अशी शंका येते.

बाकीच्या आठ रजिस्टरांत दोनच चुका सापडल्या, त्याही नावातल्या काना-मात्रेच्या. मग सहावं रजिस्टर आलं. ते सरकवून मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण अक्षर गिचमिड. चिठ्ठीने काढलेली एक ओळ मी वाचली. जैनाबादची मुलगी, जन्म अकरा, अकरा.

"सही" आलं नाही. मला वाटलं डुलकी लागली. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. तारखेच्या रकान्यात दोन उभे दांडे होते, महिन्याच्या रकान्यातही तेच, दोन्ही बाजूंना बारीक रेघ.

"हे अकरा नाय बेटा," त्या म्हणाल्या. "गुरुजी वरच्यासारखंच म्हणून असं काढायचे. वर बघ काय हाये."

वर एक जुलै होतं. गावातल्या आईबापांना तारीख कुठे ठाऊक असायची? तेव्हाचे गुरुजी त्या काळच्या शाळा उघडायच्या सुमाराची एक जुलै ठोकून द्यायचे, फक्त साल विचारून लिहायचे. एका गावची मुलं एकदम दाखल झाली की पहिल्याला एक जुलै, खाली सगळ्यांना दांडे. मशीनने ते दांडे इंग्रजी अकरा म्हणून वाचले होते. मी पानावरून नजर खाली नेली. तीन ओळी खाली मावशींचं नाव होतं, आणि त्यापुढे तेच दांडे.

त्यांनी ते माझ्याआधी बघितलेलं होतं. बघूनच त्या बोलल्या होत्या. मला गुरुजींचा राग आला, मशीनचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या चिठ्ठ्यांचा आला.

नव्वदपैकी सहा ओळी चुकीच्या निघाल्या, त्यातल्या चार एकट्या सहाव्या रजिस्टरात. बडे सर म्हणाले, शंभरात त्र्याण्णव म्हणजे डिस्टिंक्शन. मी म्हटलं, चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या असत्या तर तो आकडा चालला असता. त्यांच्या समाधानासाठी सहाव्यातून आणखी तीस चिठ्ठ्या काढल्या, तर तेरा चुका, आणि जवळजवळ सगळ्या दांड्यांच्या. तेव्हा ठरलं की आठ रजिस्टरांची यादी थोड्याफार चुका गृहीत धरून घ्यायची, दाखला देताना मूळ पान बघायचं, आणि सहावं रजिस्टर हाताने नव्याने भरायचं.

भरायला मीच बसले. जैनाबादचं पान आलं तेव्हा मावशी माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांची ओळ आली आणि माझा हात थांबला. त्यांची ओळ माझ्या चिठ्ठीत आलीच नव्हती. अकरा, अकरा तसंच ठेवलं असतं तरी पुन्हा कोणी बघणार नव्हतं. आणि एक तारखेचा जन्म म्हणजे आमच्याकडे आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्ती. तीस जून. शाळा उघडून पंधरा दिवससुद्धा धड झालेले नसणार.

मी विचारलं, तुमची आई काय सांगायची? त्या म्हणाल्या, आई म्हणायची थंडी नुकती लागली होती, दिवाळी होऊन गेली होती, घरात पणत्या तशाच पडल्या होत्या. म्हणजे नोव्हेंबरच की, मी म्हटलं, मशीनने आंधळेपणाने खरंच सांगितलं. त्यावर त्यांनी पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला.

"तू फोटोत हाये तेच लिही," त्या म्हणाल्या. "माझं एकटीचं वेगळं लिवलं तर मंग बाकीच्यांचं कोन मानंल? आईचं माझ्यापाशी हाये ना."

मी एक लिहिलं आणि सात लिहिलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्यांनी पदराने माझे डोळे नाही, स्क्रीनवरची धूळ पुसली आणि पुढच्या ओळीतल्या मुलाचं नाव वाचायला घेतलं.

तीस जूनला शाल-नारळ झाला. पूल ओलांडून जाणाऱ्या रिक्षेत त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. यादीत त्यांच्या नावापुढे एक जुलै आहे. फोटोशी ताडून बघितलं तर ते बरोबर आहे. त्यापलीकडचं काही तपासायला मला कोणी सांगितलं नव्हतं.