पिवळी दिसणारी पांढरी तार

सूर्यमाळच्या एका पाड्यावरची विहिरीची मोटर ऐन उन्हाळ्यात जळली. पाणी समितीच्या अध्यक्षांनी त्याच दिवशी पंप चालवणाऱ्या पोराला गावासमोर दोन कानाखाली लावल्या आणि कामावरून काढलं. पुरावा म्हणून पंपखोलीतल्या पेटीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरवला. माझं मोखाड्यात जळलेल्या मोटरी पुन्हा बांधायचं दुकान आहे, म्हणून तो फोटो माझ्याकडेही आला.

पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा गार्ड त्या पेटीत असतो. त्याची विहिरीतून येणारी तार पांढरी असते. फोटोत तिथे पिवळी दिसत होती. अध्यक्षांचं म्हणणं, पोराने तिथे वीज आणणारी पिवळी फेजची तार जोडली, गार्ड जाळला आणि मोटर कोरडी फिरली.

फोटो बल्बच्या उजेडातला होता, त्या उजेडात पांढरा सदरासुद्धा पिवळा दिसतो. मी नवी मोटर बसवायला गेलो तेव्हा आधी वीज बंद केली, ती तार सोडवली आणि बाहेर सावलीत कोऱ्या कागदावर धरली. शेजारी नव्या पांढऱ्या आणि नव्या पिवळ्या तारेचे तुकडे ठेवले. तरी ती पिवळसरच! क्षणभर मलाही अध्यक्षांचं खरं वाटलं. मग तार उलटी केली. भिंतीकडची बाजू फिकट होती, आणि पाइपातून ओढून काढलेला भाग भातासारखा पांढरा. जुनं प्लास्टिक उजेडाने आणि उष्णतेने पिवळं पडलं होतं, एवढंच. तपासला तर गार्डही शाबूत निघाला. फक्त त्याचा बायपासचा खटका खाली होता, म्हणजे मोटर गार्डला न जुमानता चालत होती.

पेटीची किल्ली अध्यक्षांकडे असते ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"खटका कोणी खाली केला?" मी विचारलं.

"घरात लग्न होतं. पानी नको का?" अध्यक्ष म्हणाले.

"मग त्या पोराला बोलवा परत."

"आता तं माझा भाचा लावलाय कामाला. त्याला काय म्हनून काढू?"

माझं डोकं फिरलं. मी जमलेल्या बायाबापड्यांना तार दाखवली. त्यांनी पाहिली, मान हलवली आणि मोटर कधी सुरू होणार ते विचारलं. मी मोटर सुरू केली. पोराची आई हंडा घेऊन आली, तर रांगेतल्या एकीने तिला सांगितलं, "तू मागं थांब, तुझ्यामुळंच तहानलो आमी." अध्यक्ष ऐकत उभे होते, हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

पोरगा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला होता. मी फोन केला.

"तार पांढरीच होती रे."

"मला तं म्हाईतच होतं, दादा. त्यांना सांग."

"सांगितलं."

"मंग? येऊ घरी?"

मागे भट्टीवरचा मुकादम त्याला शिवी हासडत होता, आणि पोरगा माझ्या उत्तराची वाट बघत होता.