दोन तारा आणि एक गडगा

आमचा दवाखाना हाडांचा. डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, आत बसून लोकांचे गुडघे बघतात आणि बाहेरचं सगळं मी बघते. बाहेरचं म्हणजे पाण्याच्या टाकीपासून वीजबिलापर्यंत जे जे डॉक्टरांच्या डोक्यात शिरत नाही ते सगळं. काउंटरवर मात्र एक ताई होत्या. किनाऱ्याकडच्या गावातून रोज एसटीने यायच्या. अंगावर इस्त्रीची साडी, आवाज कायम खालच्या पट्टीत. पेशंट म्हणायचे, डॉक्टर दोन मिनिटं बघतात, बाकी धीर ताई देतात. ते खरंच होतं.

बिलं पूर्वी कागदावर व्हायची. मग डॉक्टरांनी कुठल्यातरी परिषदेत बघून बिलांचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये नसतंच. ते लांब कुठेतरी असतं आणि इंटरनेटवरून उघडतं. पेशंटने आधी भरलेले पैसे, त्याचे जुने एक्स-रे, विम्याचे कागद, सगळं तिकडे. इंटरनेट चालू तर सगळं हाताशी. बंद झालं की पेशंटने गेल्या वेळी काय भरलं तेही सांगता येत नाही.

आणि आमचं इंटरनेट म्हणजे साधं ब्रॉडबँड. आळीतल्या सगळ्यांच्यात वाटून घेतलेलं. संध्याकाळी आळीतली पोरं क्रिकेट बघायला बसली की आमच्या काउंटरवर चाक गोल गोल फिरायचं. खाली उतरणारा वेग त्यातल्या त्यात बरा, पण इकडून वर काही पाठवायचं म्हटलं की दमछाक. एखादा एक्स-रे वर चढेपर्यंत पेशंटचा चहा पिऊन व्हायचा. तार तुटली तर तक्रार नोंदवायची आणि वाट बघत बसायचं. माणूस कधी येईल ते ब्रॉडबँडवालाही सांगू शकत नसे.

हा सगळा त्रास आत कोणाला? कोणालाच नाही. बाहेर ताईंना. ज्याचं बिल अडलं तो ताईंवर ओरडायचा. प्लास्टर घातलेला माणूस आधीच वैतागलेला, त्यात गाडी चुकण्याची भीती. एकदा राजापूरचे एक गृहस्थ काउंटरवर हात आपटून म्हणाले, "तुम्हाला कामच करायचं नाही." ताईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, "वहिनी, मी आता सोडतंय. तिकडे बंदराजवळच्या लॅबमध्ये विचारलानी आहे मला. कामाचं काय नाय हो. पण रोज उठून मी न केलेल्याचं ऐकून घ्यायचं, ता नाय होत."

मी त्यांना म्हटलं, थोडं थांबा, मी काहीतरी करते. त्या थांबल्या.

डॉक्टरांना मी सरळ सांगितलं की ताई गेल्या तर दवाखान्याला कुलूप लावा. तेव्हा ते जागे झाले आणि जागे झाले ते थेट दुसऱ्या टोकाला. लीज्ड लाइन घ्यायची म्हणाले. लीज्ड लाइन म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली लाइन. आळीत कोणी काही बघो, आपला वेग आपल्याला. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेग सारखा. बिघडली तर इतक्या तासांत दुरुस्त करू असं कंपनी लेखी देते. आणि ब्रॉडबँडचं वर्षाचं भाडं तेवढं हिचं महिन्याचं. मी म्हटलं, "अहो, बिल म्हणजे चार ओळी. त्याला एवढा वेग कशाला? आपल्याला तुटायला नको आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचं साधं ब्रॉडबँड दोन वेगळ्या वाटांनी घेऊ. एक गेलं तर दुसरं." डॉक्टर म्हणाले, "अगो, स्वस्तात काही होत नाही." हा माणूस भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करतो, हे आपलं मी सांगून ठेवते.

कंपनीचा माणूस जागा बघायला आला. त्याने दोन वाटा दाखवल्या. एक समोरून, रस्त्यावरच्या खांबावरून. त्यासाठी तार चुलतदिरांच्या अंगणावरून आणावी लागणार होती, कारण दवाखान्याच्या पुढची पट्टी त्यांच्या वाटणीला गेली आहे. दुसरी मागून, चुलतसासऱ्यांच्या शेताच्या कडेने, जांभ्या दगडाच्या गडग्यावरून, म्हणजे रचलेल्या कुंपणभिंतीवरून. तिथून आमचं ब्रॉडबँड आधीच आलेलं होतं. तो माणूस म्हणाला, "सर, एकाच वाटेने दोन्ही नकोत. एक गेली की दुसरीही जाते. समोरून घेऊया."

आता आमच्या डॉक्टरांचं आणि चुलतदिरांचं बोलणं नाही. कारण काय, तर याच गडग्याचं पुढचं टोक. तो बांधताना हातभर इकडे आला की तिकडे गेला, यावरून दोघांचं वाजलं ते वाजलंच. गणपतीत आरतीला दोघे एका खोलीत उभे राहतात आणि झांजा वाजवतात, पण बोलत नाहीत. डॉक्टर त्या माणसाला म्हणाले, "समोरून परवानगी मिळणार नाही. मागूनच आणा." मी म्हटलं, "विचारून तरी बघा." तर म्हणाले, "मला माहिती आहे त्याचा स्वभाव." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

लीज्ड लाइन आली. खोटं कशाला बोलू, लाइन झकास होती. एक्स-रे क्षणात वर जायचे. संध्याकाळी चाक फिरायचं बंद झालं. लाइनबरोबर एक कायमचा न बदलणारा पत्ता मिळतो, त्याला फिक्स आयपी म्हणतात. तो बघून डॉक्टर आणखी खूश झाले आणि सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून म्हणाले, आमची बिलं या एकाच पत्त्यावरून उघडू द्या, दुसरीकडून कोणी शिरायला नको. सुरक्षितता! त्यांनी तसं करून दिलं. ताई हसत घरी जायला लागल्या. लॅबवाल्यांना त्यांनी अजून नाही म्हटलं नव्हतं, पण हो सुद्धा म्हटलं नव्हतं.

मग भाजावळीचे दिवस आले. पावसाआधी भाताचं रोप करायच्या जागेवर वाळलेली कवळं, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, आणि पालापाचोळा पसरून जाळतात, म्हणजे माती भाजून निघते आणि तण मरतं. चुलतसासरे दरवर्षी करतात. डॉक्टर लहानपणी त्या धुरात खेळलेले. दरवर्षी पाला गडग्याला लावून रचून ठेवतात, हेही त्यांना माहीत. माहीत असून दोन्ही तारा त्याच गडग्यावर झोपवल्या. काकांनी बिचाऱ्यांनी नेहमीसारखी आग लावली. वारा फिरला, ज्वाळ गडग्याला लागली, आणि दोन्ही तारा मेणासारख्या वितळल्या.

दवाखाना भरलेला होता. ताईंनी आधी वाट बघितली, मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. इंटरनेट आलं, पण बिलांचं सॉफ्टवेअर उघडेना. परवानगी नसलेला पत्ता म्हणे. पूर्वी तार तुटली की हॉटस्पॉटवर निदान रडतखडत काम व्हायचं. आता सुरक्षिततेने तेही बंद केलेलं. सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन लागत नव्हता. ताई कागदावर पावत्या लिहायला लागल्या, पण विम्याच्या पेशंटला छापील बिल लागतं, आणि ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांचा हिशोब तिकडे अडकलेला. हेदवीहून आलेल्या एका म्हातारबांचा मुलगा सगळ्यांसमोर ताईंना म्हणाला, "एवढं साधं बिल काढता येत नाही, मग बसलात कशाला इथे?"

ताईंनी पेन खाली ठेवलं. डोळे भरले होते, पण आवाज चढला नाही. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाल्या. मला त्या मुलाचा राग आला नाही. मला आत बसलेल्या माणसाचा इतका राग आला की आत पेशंट असतानाही मी दार उघडून गेले, जे मी कधी करत नाही.

लीज्ड लाइनवाले मात्र लेखी दिल्याप्रमाणे त्याच दुपारी आले आणि संध्याकाळपर्यंत जोडून गेले. ब्रॉडबँडवाले आठवडा संपताना उगवले. डॉक्टर लीज्ड लाइनवाल्यांकडे बंद वेळेची भरपाई मागायला लागले, तर कळलं की ग्राहकाच्या बाजूच्या खासगी जागेत झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत. वर त्या माणसाने अगदी सौम्यपणे आठवण करून दिली की समोरची वाट त्यांनी सुचवली होती.

ताईंनी त्याच संध्याकाळी लॅबला शब्द दिला. महिनाअखेरीस जाते म्हणाल्या. डॉक्टरांनी पगार वाढवायचं बोलून बघितलं. ताई म्हणाल्या, "पगाराचं कधी बोललंय मी, डॉक्टर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना चपला घालायला लावल्या आणि चुलतदिरांच्या अंगणात नेलं. डॉक्टर तुळशीपाशी खांबासारखे उभे. मीच म्हटलं, "भावजी, इंटरनेटची एक तार तुमच्या अंगणावरून न्यायची आहे." चुलतदीर सुपाऱ्या वाळत घालत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "मग न्या की. तारेला काय जागा लागते? नको असं कोणी सांगितलान तुम्हाला?"

मी यजमानांकडे बघितलं. ते सुपाऱ्यांकडे बघत होते. मग जाऊबाईंनी चहा आणला आणि दोघे भाऊ पावसाचं बोलायला लागले, जसं काही कालच भेटले होते. मला त्या क्षणी रडू यायचं बाकी होतं.

समोरून दुसऱ्या कंपनीचं साधं ब्रॉडबँड आलं. एक तार गेली की आपोआप दुसरीवर नेणारा राउटर बसला. त्या लाइनलाही कायमचा पत्ता घेतला आणि सॉफ्टवेअरवाल्यांना दोन्ही पत्ते कळवले. लीज्ड लाइनचा करार संपल्यावर ती सोडून तिच्याही जागी ब्रॉडबँडच ठेवलं. आता डॉक्टर येणाऱ्या जाणाऱ्या डॉक्टरांना दोन वाटांचं महत्त्व समजावून सांगतात. मी तेव्हा स्वयंपाकघरात जाते. पण समोरची तार येईपर्यंतच महिनाअखेर उलटून ताई गेल्या होत्या.

पावसाळ्यात ताई आल्या, आईचा गुडघा दाखवायला. काउंटरवर नवीन मुलगी आहे. तिच्यावर अजून कोणी ओरडलेलं नाही, त्यामुळे ती मोबाइलवर काहीतरी बघत असते. आधल्या दिवशीच मागची तार पडलेल्या झाडाखाली सापडून तुटली होती, आणि ते मला सोडून कोणाला कळलंही नव्हतं. मुलीने दोन बटणं दाबली, बिल छापून बाहेर आलं. ताईंनी ते हातात घेतलं. काउंटरच्या पलीकडे त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"एवढाच व्हता, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"एवढंच होतं," मी म्हटलं.

त्यांनी बिलाची घडी घातली, आईला हात दिला आणि एसटी चुकेल म्हणून लगबगीने निघाल्या.