टेबलाभोवतीची जागा

कमलाकांत धराधर रोज सकाळी आल्याबरोबर पहिली गोष्ट करायचे ती म्हणजे टेबल भिंतीपासून पुढे ओढायचे. दादरच्या आमच्या ग्रंथसंग्रहालयात दुसऱ्या मजल्यावर हस्तलिखितांची खोली आहे. तिथलं ते सागवानी टेबल संध्याकाळी झाडू मारणारी बाई भिंतीला टेकवून जायची आणि सकाळी काका ते दोन हात पुढे आणायचे. मग चारी बाजूंनी एकदा चालून बघायचे. पोट कुठे अडत नाही ना, एवढीच खात्री. त्यानंतर हात धुऊन, पुसून, खुर्चीत बसायचे.

पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, "काका, हे कशासाठी?"

"कागद फिरवायचा नसतो," ते म्हणाले. "आपण फिरायचं."

एम. ए. झाल्यावर मी तिथे पत्रं उतरवून घ्यायच्या कामाला लागले. गिरणगावातल्या घरांतून आलेली जुनी पत्रं वाचायची, जशीच्या तशी टाइप करायची. काका ती ताडून बघायचे. फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात त्यांनी अडतीस वर्षं दस्त ताडण्यात घालवली होती. एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नक्कल बघायची. निवृत्त झाल्यावर फणसवाडीहून बसने दादरला येऊन तेच काम फुकट करायचे. घरी सून विचारायची, कंटाळा येत नाही का. "लोकांची पत्रं वाचायला मिळतात आणि कोणी रागावत नाही," असं त्यांचं उत्तर होतं.

त्यांचे नियम थोडे होते. शाईचं पेन खोलीत आणायचं नाही, फक्त पेन्सिल. लिहिणाऱ्याची चूक दुरुस्त करायची नाही. जिथे खात्री नाही तिथे चौकटी कंस. आणि पानावर मजकुराचे जितके तुकडे असतील तितके आकडे, कुठला आधी लिहिला आणि कुठला नंतर ते ठरवून. हा शेवटचा नियम मला त्या वेळी उगाच वाटायचा.

मालनताई जूनमध्ये आल्या. डिलाईल रोडला त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. दुपारची गर्दी आटपून, पदराला पीठ तसंच घेऊन त्या जिना चढून आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत वडिलांची, दौलत परबांची, अकरा पत्रं होती. दौलत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि बायको-मुलं सावंतवाडीकडच्या गावी.

"दहा तुम्हाला ठेवा," त्यांनी सांगितलं. "अकरावं बघून सांगा. मग ठरवते."

अकरावं म्हणजे जुलै चौऱ्याहत्तरचं अंतर्देशीय पत्र. बाहेरच्या बाजूला जिथे लिहायला जागा असते तिथे नाना नावाच्या शेजाऱ्याने आपल्या घरचा निरोप लिहिला होता. एका खोलीत राहणारे, एकाच गावचे दोघं मिळून एकच पत्र टाकत. तेवढाच एक खर्च वाचे. त्यामुळे दौलतना आतलीच बाजू मिळाली होती. ती पुरली नाही. खालच्या ओळीपर्यंत आल्यावर त्यांनी कागद आडवा करून डाव्या समासात लिहिलं होतं, आणि तरी उरलं ते अगदी वर, 'श्री'च्या डोक्यावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

"गावात वाचायचं कोण?" मी विचारलं.

"कुशाबा पोस्टमन. तोच आणायचा, तोच वाचायचा. आई शिकलेली नव्हती, आणि मी सात वर्षांची, जोडाक्षरापाशी अडायची." मालनताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. "मला मुंबईला पाठवायचं चाललेलं, म्हणून मी दाराआड उभी. कुशाबाने वाचलं, 'मालनला पाठवू नको.' आईने हात पुढे केला नि पत्र घेतलंच त्याच्या हातातून. पुरे म्हणाली. नानाच्या घरचा मजकूर त्याने आधीच तिकडे वाचून दाखवला होता. पत्र ट्रंकेत गेलं."

"आणि तुमची शाळा?"

"चौथी. मग ढोरां राखायची." त्या हसल्या. "दीपक, माझा धाकटा भाऊ, तो पुढच्या वर्षी मुंबईत काकीकडे आला, शिकला, बँकेत लागला. आई गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा त्याने हे वाचलं. म्हणाला, बघ ताई, वर लिहिलंय, शाळेत नाव घालून ठेवलंय. माझंच. बाबांना तेव्हापासून माझी काळजी." त्यांनी पिशवीची गाठ सोडली, परत मारली. "माझं एवढंच विचारणं आहे. बापाने नाव घातलं ते दीपकचं की माझं? त्याचं असेल तर तसं सांगा. पन्नास वर्षं बापाला मी नको होते असंच धरून आहे, जड नाही जाणार."

मी दोन दिवसांत पत्र उतरवलं. सरळ मजकुराच्या सुरुवातीलाच होतं: 'चि. दीपकच्या पायाचे कसे आहे. पुढच्या वर्षी तो इकडे आला तर बरे.' वरच्या समासातला मजकूर नेमका त्याच ओळींच्या डोक्यावर होता: 'शाळेत बसता येईल. हेडमास्तरांना सांगून नाव घालून ठेवले आहे. तुला चालणार असेल तर उत्तरात कळव. काही कळवले नाहीस तर तुला करमणार नाही असे मी समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही.' मला ती दीपकच्या ओळीला नंतर जोडलेली पुस्ती वाटली. मी ती तिथेच लावली. सरळ मजकूर खालच्या ओळीवर 'मालनला पाठवू नको' इथे संपत होता; डावा समास त्यापुढे, शेवटी टाकला: 'कारण चाळीत कावीळ आहे. दोन घरांत माणसे आडवी आहेत. दिवाळीला मी येईन तेव्हा घेऊन येतो,' आणि पुढे कोपऱ्यावर सेलोटेप. टेप पिवळी पडून तपकिरी झाली होती, खालचं काही दिसत नव्हतं. तिथे मी चौकटी कंसात तीन टिंबं दिली.

काकांनी माझी नक्कल वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"सही करणार नाही."

"का? प्रत्येक अक्षर बघितलंय मी."

"अक्षरं बरोबर आहेत. क्रम कुठाय?"

"वरचं दीपकच्या ओळीजवळ आहे, म्हणून—"

"जवळ आहे म्हणून? मग तू माझ्याजवळ बसतेस, तू धराधर झालीस?" ते उठले. "चल, फेरी मार."

पत्र टेबलाच्या मधोमध, जाड पांढऱ्या कागदावर ठेवलं होतं. मी सरळ बाजूला उभी राहिले. मग त्यांच्या मागोमाग उजवीकडे गेले. तिथून समासातल्या ओळी सरळ झाल्या; खालून निघून वरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या.

"रंग बघ," काका म्हणाले.

सगळं पत्र निळ्या बॉलपेनचं होतं. समासातल्या ओळी कोपऱ्याकडे जाता जाता निळा फिकट होत गेला होता. 'आडवी आहेत'पाशी पेन नुसतंच कागद खरवडत होतं. शेजारी दोन-तीन कोऱ्या रेघा, पेन चालतंय का बघायला ओढलेल्या. आणि 'दिवाळीला'पासून काळी शाई.

मी पुन्हा सरळ बाजूला आले. वरचा समास सगळा काळा होता.

"खोलीत कोणाचं तरी पेन मागून घेतलं असणार," काका म्हणाले. "आता वरची पहिली ओळ बघ. कडेपासून सुरू होते?"

होत नव्हती. दोन बोटं जागा सोडून सुरू होत होती, कारण कोपरा आधीच कशाने तरी अडला होता. ते नेमकं टेपखाली होतं.

"टेप काढायची?" मी विचारलं.

"हात लावू नको. काढशील तर शाईच वर येईल. ते जाणकाराचं काम आहे." त्यांनी ड्रॉवरमधून टॉर्च काढला. "तो माणूस दाबून लिहितो. पाठ बघू."

दोन पांढऱ्या कागदांमध्ये धरून आम्ही पत्र उलथं केलं. नानाचा मजकूर त्या कोपऱ्यापर्यंत पोचला नव्हता. काकांनी खोलीतला दिवा घालवायला सांगितला, खिडकीचा पडदा ओढला आणि टॉर्च टेबलालगत आडवा धरला. सपाट कागदावर उंचवटे उठले. उलटी अक्षरं. मी फोनवर फोटो काढला, तो उलटा केला, आणि दोघं त्यावर वाकलो.

"म," मी म्हणाले.

"पुढे?"

"म्ह... 'म्हणजे'."

मग मी सगळं सलग वाचलं. 'मालनला पाठवू नको कारण चाळीत कावीळ आहे. दोन घरांत माणसे आडवी आहेत. दिवाळीला मी येईन तेव्हा घेऊन येतो, म्हणजे शाळेत बसता येईल.'

"आता आकडे घाल," ते म्हणाले. सरळ मजकुराला एक, डाव्या समासाला दोन, वरच्याला तीन. शेजारी पानाचं छोटं चित्र, बाण काढून. टेपखालच्या शब्दापुढे त्यांनी लिहायला लावलं: मागील दाबावरून वाचले. मग सही केली.

मालनताईंना बोलावलं तेव्हा काकांनी त्यांना काही सांगितलं नाही. "आधी इथे उभ्या राहा," म्हणाले, आणि त्यांना टेबलाभोवती घेऊन गेले. मालनताईंनी बोट कागदाला न लावता, हवेत, ओळीवरून फिरवत स्वतः वाचलं. कोपऱ्यावर मी फोटो पुढे केला. त्या परत सरळ बाजूला आल्या आणि शेवटपर्यंत गेल्या. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"आणि काढला नाही त्याने विषय," त्या म्हणाल्या. "दिवाळीला आला होता. मला फ्रॉक आणलेला. मी अंगाला लावला नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"आईला नंतर कोणी वाचून दाखवलं असेल?" त्यांनी काकांना विचारलं.

"ते कागदावर नाही, बाई."

"बरोबर." त्यांनी डोळे पुसले आणि पदराचं पीठ गालाला लागलं. मग फोन काढला. "थांबा, आधी दीपकला लावते. इतकी वर्षं माझ्या शाळेत नाव लावून फिरला मेलो."

त्या फोनवर भावाला ओरडत होत्या, हसत होत्या, मध्येच गप्प होत होत्या. काका खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. जाताना मालनताईंनी पिशवी उचलली नाही. अकराही पत्रं टेबलावर होती. "ठेवा," म्हणाल्या. "पण फ्रॉकचं कुठे तरी लिहा. माझ्या नावाने."

तेही आम्ही नोंदीत लिहिलं, वेगळ्या पानावर, तारीख घालून.

काका त्यानंतर चार महिने आले. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी त्यांना दात दाखवायला जायचं होतं, म्हणून लवकर निघाले. शनिवारी पहाटे झोपेतच गेले. शुक्रवारी ते आलेच नव्हते. दात काढल्यामुळे घरीच राहिले असं सुनेने कळवलं होतं.

गुरुवारी जिन्याच्या तोंडाशी चपला घालता घालता त्यांनी मागे वळून मला सांगितलं, "उद्या मला जरा उशीर होईल. टेबल तेवढं पुढे ओढून ठेव."